शंकरपटाच्या गर्दीत नेमका चेहरा धरताना

आमच्या लघुपटातला शंकरपटाचा प्रसंग नटाऐवजी त्याच्या मावसभावाने केला. दोघांच्या संमतीने चेहरा बदलायचा होता, पण माणसं एकमेकांसमोरून गेली की नटाचा चेहरा भलत्याच्याच धडावर बसे. सॉफ्टवेअर दर फ्रेममध्ये डावीकडून पहिला चेहरा धरत होतं.

मग आधी प्रत्येक चेहऱ्याचा ट्रॅक, म्हणजे सलग फ्रेममधला त्याचा माग काढला, त्यातल्या मोठ्या, स्पष्ट चेहऱ्यांच्या एम्बेडिंगची, म्हणजे चेहऱ्याची ओळख आकड्यांत मांडणाऱ्या यादीची सरासरी घेतली आणि त्यावरून ट्रॅकचे गट पाडले. फेट्याआड तुटलेले तुकडे असे जुळले. तरी एकाच गटातले दोन ट्रॅक एका फ्रेममध्ये दिसले. एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल? दुसरा त्याचा सख्खा भाऊ होता! एका गटात धरण्यासाठी एम्बेडिंगमधल्या अंतराची मर्यादा ०.५ वरून ०.४ केली, तेव्हा दोघं वेगळे झाले. पार बाजूला वळलेल्या चेहऱ्यांचे तुकडे मात्र हातानेच जोडावे लागले.