एक्सचेंज बोनस की बाहेर विक्री? जुना फोन देताना या चुका टाळा

दिवाळीचा सेल आला की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, जुन्याचे दहा हजार देतायत, देऊन टाकू का?" मी दरवेळी एकच विचारतो, दहा हजार जुन्याचे देतायत की नव्यावर सोडतायत? समोरून शांतता. मग "एकच ना ते!" असं उत्तर येतं. एकच नसतं, आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

बोनसला जुन्या फोनची किंमत समजणं

उदाहरण घेऊन बोलू. आकडे समजण्यापुरते धरलेत, पण सेलमध्ये चित्र साधारण असंच असतं. नवा फोन 29,999 चा. तुमच्या जुन्याची एक्सचेंज किंमत 7,200, त्यावर बोनस 3,000. एकूण 10,200 वजा, म्हणजे भरायचे 19,799. माणूस खूश होतो. बाहेरचा दुकानदार त्याच फोनचे 8,000 सांगतो आणि ओळखीतला कोणीतरी 9,500 द्यायला तयार असतो. दहा हजारांपुढे हे दोन्ही आकडे फिकेच वाटतात.

आता त्याच पानावर, त्याच दिवशी, एक्सचेंजची खूण काढून बघा. कार्डावर 2,000 ची सूट दिसते, जी एक्सचेंज बोनससोबत चालत नव्हती. दोन्हींपैकी एकच, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे जुना फोन न देता नवा 27,999 ला पडतो आणि दिल्यावर 19,799 ला. फरक 8,200. तुमच्या जुन्या फोनचे त्यांनी खरोखर दिलेले पैसे एवढेच. 10,200 हा जाहिरातीतला आकडा.

ही एक वजाबाकी केली की बाकी सगळं सोपं होतं. दुकानदाराच्या 8,000 पेक्षा 8,200 बरे, तेव्हा त्याच्याकडे हेलपाटा घालायचं कारण नाही. 9,500 देणारं गिऱ्हाईक खरंच असेल तर 1,300 जास्त मिळतात, आणि तेवढ्यासाठी फोटो काढणं, येणारे कॉल घेणं, भेटायला जाणं परवडतं का ते ज्याचं त्याने ठरवावं. माझा स्वतःचा हिशोब असा की हजाराच्या आतला फरक असेल तर मी फोन एक्सचेंजमध्ये देऊन मोकळा होतो. दोन हजारांच्या वर गेला तर बाहेर विकतो. मधल्या पट्ट्यात त्या आठवड्यात मला किती वेळ आहे त्यावर ठरतं.

वजाबाकी करताना एक पथ्य पाळा. "न देता" ची किंमत म्हणजे कुठेही मिळणारी सगळ्यात कमी किंमत, फक्त त्याच साइटवरची नव्हे. शेजारच्या दुकानात तोच फोन 27,500 ला मिळत असेल तर तुमच्या जुन्याचे 7,701 च येतायत. घाई करणारे एवढं एकच बघत नाहीत, कारण सेलचं घड्याळ उलटं पळत असतं. ते घड्याळ तुमच्यासाठी लावलेलं नसतं.

दुकानातून घेत असाल तर हा खेळ अजून सहज होतो. तुम्ही आत शिरताच जुना फोन काउंटरवर ठेवलात की दुकानदार जुन्याला चांगला भाव देतो आणि नव्यावरची सूट गिळतो. म्हणून आधी नव्याचा शेवटचा रोख भाव विचारायचा, तो कागदावर लिहून घ्यायचा, आणि मग जुना खिशातून काढायचा. क्रम उलटा केलात तर कुठला आकडा कुठे गेला ते शोधत बसा.

चांगला फोन बोनससाठी खर्ची घालणं

ही माझी सगळ्यात आवडती चूक, कारण ती जवळजवळ सगळेच करतात. बोनस बहुतेक वेळा नव्या फोनवर ठरलेला असतो. जुना फोन सात हजारांचा असो की नऊशेचा, 3,000 तेवढेच. मग सात हजारांचाच का द्यायचा?

प्रत्येक घरात टीव्हीच्या खालच्या कप्प्यात एक जुना फोन पडलेला असतो. चालू होतो, स्क्रीन फुटलेली नाही, पण कोणी वापरत नाही. समजा त्याची एक्सचेंज किंमत 900 आली. 900 आणि 3,000 मिळून 3,900 वजा, नवा पडला 26,099 ला. चांगला फोन वेगळा विकला 9,500 ला, म्हणजे खिशातून गेले 16,599. चांगला फोन एक्सचेंजमध्ये देणाऱ्याचे गेले 19,799, आणि कार्डाची सूट घेऊन तोच फोन 9,500 ला बाहेर विकणाऱ्याचे 18,499. चांगला फोन दुकानदाराला 8,000 ला देऊन टाकलात तरी 18,099 लाच भागतं.

अट एकच: बोनस त्या जुन्या मॉडेलला लागू असला पाहिजे. काही ऑफरमध्ये बोनस ठरावीक कंपनीच्या किंवा ठरावीक मॉडेलपुरताच असतो. जुन्या फोनचं मॉडेल निवडून, त्याचा IMEI म्हणजे फोनचा ओळख क्रमांक टाकून शेवटच्या पानावर बोनसची ओळ वेगळी दिसते का ते बघा. नाही दिसली तर बोनस नाही. "45,000 पर्यंत सूट" असं वर लिहिलेलं असतं ते कोणाच्या तरी वर्षभर जुन्या महागड्या फोनसाठी असतं, तुमच्या चार वर्षांच्या फोनसाठी नव्हे.

फॉर्ममध्ये खोटं बोलणं

एक्सचेंज टाकताना प्रश्न येतात: स्क्रीनवर रेघ आहे का, मागची काच फुटली आहे का, कॅमेरा चालतो का. माझ्या भाच्याने सगळीकडे "काही दोष नाही" ठोकून दिलं. मागच्या काचेला कव्हरखाली तडा होता, आणि पांढऱ्या पडद्यावर डाव्या कडेला एक बारीक हिरवी रेघ दिसायची. AMOLED पडद्यांवर ही रेघ येते, आणि एकदा आली की जात नाही. मी सांगितलं होतं. "कव्हरसकट देतो मामा, कोण बघतंय," असं तो म्हणाला.

डिलिव्हरीवाल्याने आधी कव्हरच काढलं. मग *#06# दाबून IMEI ऑर्डरशी जुळवला, आणि ॲप उघडून भाच्याला पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांवरून बोट फिरवायला लावलं. शेवटी पूर्ण पांढरा पडदा लावला आणि फोन तिरका धरला. बस्स. त्या दुकानाच्या नियमात दारावर भाव कमी करून घेणं नव्हतंच, घ्यायचा किंवा नाकारायचा एवढंच. एक्सचेंज नाकारलं म्हणजे वजा झालेले सगळे पैसे, बोनससकट, तिथेच भरायचे. दहा हजारांवरची ती रक्कम त्याच्याकडे त्या क्षणी नव्हती. नवा फोन आल्या पावली परत गेला. पैसे परत मिळाले, पण सेल संपला होता, आणि दुसऱ्या दिवशी तोच फोन तीन हजारांनी महाग झाला होता.

खरं लिहिलं असतं तर किंमत दोनेक हजारांनी कमी आली असती, आणि फोन घरात आला असता. डिलिव्हरीवाल्याशी वाद घालणारे तर मला अजिबात समजत नाहीत. तो ॲपमध्ये दिसेल ते भरतो, त्याच्या हातात काही नसतं. मी एक्सचेंज टाकायच्या आधी फोन कव्हरमधून काढतो, पडदा पुसतो, एक पूर्ण पांढरा फोटो उघडून अंधाऱ्या खोलीत बघतो. दिसणारं सगळं फॉर्ममध्ये लिहितो. वजा झालेली रक्कम वेगळी ठेवतो, नाकारलं तर भरायला.

खातं न काढता रीसेट

दारावर नाकारलं जाण्याचं दुसरं मोठं कारण हे. बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट मारला की फोन परत जुनं गूगल खातं मागतो आणि पासवर्ड आठवत नाही. खातं आधी सेटिंगमधून काढा, मग सेटिंगमधूनच रीसेट करा. आयफोनला Find My बंद केल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. आईबाबांच्या फोनवर ॲपल आयडी दुकानातल्या पोराने काढून दिलेला असतो, त्याचा पासवर्ड आठ दिवस आधीच शोधायला लागा. व्हॉट्सॲपचा बॅकअप रीसेट मारायच्या आधी तपासून ठेवा, आणि ई-सिम असेल तर तो आधी नव्यात आणा.

जाहिरातीतला भाव म्हणजे बाजारभाव धरणं

ओएलएक्सवर तुमचंच मॉडेल 13,000 ला दिसतं. ती मागणी आहे, विक्री नव्हे. तीच जाहिरात महिनाभर तिथेच असेल तर त्या भावाला कोणी घेत नाही हे उघड आहे. खरा भाव कळायला दोन जुन्या मोबाईलच्या दुकानांत जाऊन फोन हातात द्या आणि "घेणार कितीला?" विचारा. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे अर्ध्या तासात होतं. त्यांच्या भावाच्या वर दीडेक हजार एवढंच ओळखीतल्या गिऱ्हाइकाकडून धरा. बिल आणि बॉक्स असेल तर जरा जास्त. नवं मॉडेल येणार असेल तर ते येण्याआधीच विका, नंतर भाव उतरतो.

बाहेर विकताना

"पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका" म्हटलं की तिथेच बोलणं थांबवा. पैसे घेताना यूपीआय पिन लागत नाही, कधीच नाही. आगाऊ टोकन पाठवणारा, फोन न बघताच घेणारा, आणि स्वतः न येता कुरिअर पाठवणारा, या तिघांना मी उत्तरच देत नाही.

विकल्यावर एक साधा कागद करा: IMEI, तारीख, रक्कम, घेणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्राची प्रत, दोघांच्या सह्या. उद्या तो फोन कुठल्या भानगडीत सापडला तर पहिला फोन मूळ बिलावरच्या नावाला, म्हणजे तुम्हालाच येईल. तुम्ही स्वतः जुना घेत असाल तर KYM, एक जागा सोडून 15 अंकी IMEI, असा मेसेज 14422 ला पाठवा. IMEI काळ्या यादीत असेल तर तिथे दिसतो, आणि तसा फोन एक्सचेंजमध्येही कोणी घेत नाही.