नव्या केकची रील: पहिल्या तीन सेकंदांचे वाक्य

घरगुती बेकरीच्या नव्या रसमलाई केकची रील लोगोने किंवा "नमस्कार, आज आम्ही घेऊन आलो आहोत" अशा वाक्याने सुरू करू नये, कारण केक दिसण्याआधीच पाहणाऱ्याचे बोट पुढे सरकलेले असते. सुरी केकमध्ये अर्धी उतरलेली असतानाच रील सुरू व्हावी आणि पडद्यावर पाच-सहा शब्दांचे असे वाक्य असावे, ज्याची खात्री पुढच्याच दृश्यात पटेल, उदाहरणार्थ, "या केकच्या पोटात अख्खी रसमलाई आहे." "नवीन, स्वादिष्ट केक" हे शब्द कोणत्याही केकला लागू पडतात, म्हणून त्यांनी कोणी थांबत नाही. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे बोललेले वाक्य लिहिलेलेही हवे, आणि तेही मध्याच्या थोडे वर, कारण इन्स्टाग्रामवर खालचा भाग कॅप्शनने आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते. वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. ते तीन सेकंदांत संपले नाही, तर आधी विशेषणे गाळावीत. किंमत नंतर सांगता येते. कापलेला तुकडा मात्र चौथ्या सेकंदाला दिसलाच पाहिजे. इनसाइट्समधील, किती जण पाहत राहिले हे दाखवणारा आलेख पहिले तीन सेकंद टिकून त्यानंतर कोसळत असेल, तर बहुधा वाक्य योग्य असून तुकडाच उशिरा दाखवलेला असतो.