गृहिणी-उद्योजिकांच्या मासिकाचे नाव ठरवताना

फोंड्यातल्या पाच बायकांनी मराठी मासिक काढायचे ठरवले. एकीचा मसाल्यांचा धंदा, दुसरीचे आमसुलाचे आगळ, तिसरी ब्लाउज शिवते, उरलेल्या दोघी अजून 'करूया, करूया' म्हणण्याच्या पायरीवर. मी छपाईची मांडणी करते, म्हणून नाव ठरवायला मलाही बोलावले. पहिल्याच बैठकीत 'भरारी' आणि 'उद्योगिनी' ही दोन नावे पुढे आली. चटकन सुचलेली नावे म्हणजे इतरांनाही सुचलेली नावे, एवढे तेव्हाच ओळखावे. 'उद्योगिनी' नावाची तर कर्नाटकात महिलांसाठी सरकारी कर्ज योजनाच आहे. मुखपृष्ठावर तो शब्द पाहिला की बायका विचारणार, अर्ज कुठे मिळतो?

म्हणून कागद-पेन बाजूला ठेवले आणि गप्पा मारल्या. नाव शोधायची सुरुवात शब्दकोशापासून करू नका. धंदा करणारी बाई त्याबद्दल बोलताना कोणते शब्द वापरते, ते टिपून घ्या. मी तीनच प्रश्न विचारले: पहिला पैसा हातात आला तेव्हा तो कुठे ठेवलात? घरात कोण काय म्हणाले? काय विकले गेले नाही? तासाभरात चाळीसेक शब्द मिळाले. त्यातले बरेचसे स्वयंपाकघरातले होते आणि ते मी जवळजवळ सगळे खोडले. चूल, ओटा, फोडणी ही नावे गोड वाटतात, पण वाचणाऱ्याला पाककृतींचे मासिक वाटते. आपल्याला घर आणि पैसा ह्यांच्या मधोमध उभा असलेला शब्द हवा. उरले पाच: बोहनी, माप, पदर खोचून, माटोळी, कनवटी.

आता चाळणी. माझ्या मते पहिली चाळणी विभक्तीची, आणि बहुतेक लोक नेमकी तीच विसरतात. मासिकाचे नाव एकटे कधीच राहत नाही, त्याला रोज 'चा', 'त', 'ला' लागतात. 'माहेर'चा अंक, 'माहेर'मध्ये लेख, असे सहज म्हणता येते म्हणून ते नाव जिभेवर बसते. 'पदर खोचून' मला फार आवडले होते. कंबर कसून कामाला लागणे त्यात आहे आणि बाईपणही आहे. पण 'पदर खोचूनचा दिवाळी अंक आला का?' असे दुकानात कोण विचारणार? अव्ययाला प्रत्यय लावला की जीभ अडखळते. मग ते नाव सदराला दिले. सदराच्या नावाला प्रत्यय क्वचितच लागतो.

'माप' ह्या शब्दात तर दोन अर्थ होते. उंबरठ्यावरचे माप ओलांडून सून घरात येते, आणि दुकानात माल मापानेच विकला जातो. मी खूश होते. मसालेवाल्या काकी म्हणाल्या, "जाहिरातदाराला फोन करून सांग बघू, 'मापात' जाहिरात द्या म्हणून." मी म्हटले आणि सगळ्या हसल्या, कारण पुढचा शब्द आपोआप येतो: पाप. 'मापात पाप' ही म्हण ज्या भाषेत आहे, तिथे धंद्याच्या मासिकाला हे नाव देता येत नाही. ही दुसरी चाळणी. शब्दाला चिकटलेल्या म्हणी आणि वाक्प्रचार आधी मोठ्याने म्हणून पाहा. त्यातही फोनवर म्हणा, कारण कागदावर ही गोष्ट दिसत नाही.

'माटोळी' अस्सल गोव्याचे. चवथीला गणपतीवर टांगायची रानातली फळे-पाने, आणि त्यांच्या विक्रीतून बायकांना मिळणारे चार पैसे. पण शब्द सणाला बांधलेला आहे, फेब्रुवारीच्या अंकावर तो कसा दिसेल? शिवाय रत्नागिरीच्या पुढे तो समजावून सांगावा लागेल. मासिक गोव्यापुरतेच ठेवायचे असते, तर मी तरीही विचार केला असता.

'बोहनी' म्हणजे दिवसाची पहिली विक्री. अर्थ सुंदर, पण पाचजणींत एकी 'भवानी' म्हणते, एकी 'बोहणी'. उच्चार एक नसला की लिहिण्यात फाटे फुटतात. इंग्रजी अक्षरांत तर प्रत्येकजण वेगळेच लिहील आणि मासिक शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवले.

उरली 'कनवटी'. नेसूच्या कमरेच्या गुंडाळीत पैसे खोचायची जागा. आजीने तिथे ठेवलेले पैसे तिचे स्वतःचे असत, त्यांचा हिशेब कुणी विचारत नसे. कनवटीचा अंक, कनवटीत लेख, कनवटीला पत्र: सगळे प्रत्यय बसतात. जुना शब्द असल्याने तरुण मुलींना अर्थ लागत नाही, ही अडचण आहे. तिचे उत्तर उपशीर्षकात आहे. शीर्षक जवळचे ठेवा आणि महत्त्वाकांक्षा खालच्या ओळीत मांडा: 'स्वतःचा पैसा, स्वतःचा धंदा'. ह्याउलट केले, म्हणजे वर 'यशस्विनी' आणि खाली 'तुमची मैत्रीण', तर वाचणारीला वाटते की हे तिच्यासाठी नाही, आधीच यश मिळवलेल्यांसाठी आहे.

आता सरकारी बाजू. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला. शीर्षक आणि नोंदणी ह्यांचा अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच करायचा. नियम असा की तुमचे शीर्षक दुसऱ्याच्या मराठी नियतकालिकासारखे देशात कुठेही चालत नाही, आणि गोव्यात तर कुठल्याही भाषेतल्या नियतकालिकासारखे चालत नाही. म्हणजे पुण्यातली मराठी मासिके आणि पणजी-मडगावची कोकणी व इंग्रजी नियतकालिके, दोन्ही तपासायची. 'मासिक', 'नवा', 'गोवा' असे शेपूट जोडून आधीचे नाव वेगळे होईल ह्या भरवशावर राहू नका, सारखेपणा मूळ शब्दावरून दिसतो. म्हणून एकाच नावावर जीव लावू नका. आम्ही पाच नावे क्रमाने लिहून ठेवली, प्रत्येकाचे इंग्रजी अक्षरांतले एकच स्पेलिंगही ठरवले. Kanvati की Kanwati, हा वाद बँक खाते उघडताना घालण्यापेक्षा आधीच संपवलेला बरा.

ह्याशिवाय ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचा शोध घ्या. छापील साहित्य वर्ग १६ मध्ये येते. शीर्षक मिळाले म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असे नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. 'गृहिणी उद्योग' असे निव्वळ वर्णन करणारे नाव ट्रेडमार्क म्हणून टिकवणे अवघड जाते, 'कनवटी'ला तो त्रास कमी. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्तीला एका वर्गाला ४,५०० रुपये आहे.

नोंदणी होईपर्यंत फलक किंवा रबरी शिक्के करू नका. शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी मात्र नाव ठरल्या दिवशीच कापडी पिशव्यांवर 'कनवटी' भरतकामात काढायला घेतले. दहा झाल्यावर मी त्यांना थांबवले. त्या पिशव्या आता घरातच आहेत, आणि आम्ही पोर्टलवरच्या उत्तराची वाट पाहतो आहोत.