अल्टिमेट ऑसिलेटर कसा वापरायचा: तीन मुदतींचं गणित आणि खोट्या ओव्हरसोल्डपासून सुटका

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा कारखाना चालवणारा आमचा एक मित्र आहे, साडेतीनला बाजार बंद झाला की तो चार्ट उघडून बसतो आणि दर दोन-चार दिवसांनी त्याचा तोच प्रश्न असतो, की इंडिकेटर ओव्हरसोल्ड, म्हणजे शेअर गरजेपेक्षा जास्त विकला गेलाय असं दाखवतोय म्हणून मी घेतलं आणि शेअर अजून खालीच चाललाय, असं का? कारण साधं आहे. ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक मर्यादेत वरखाली फिरणारा इंडिकेटर, छोट्या मुदतीचा असेल तर चार वाईट दिवसांत तळ गाठतो, आणि मुदत मोठी केली तर तो इतका सुस्त होतो की सांगेपर्यंत अर्धी चाल होऊन गेलेली असते. लॅरी विल्यम्स या अमेरिकन ट्रेडरने 1976 मध्ये यावर काढलेला उपाय म्हणजे अल्टिमेट ऑसिलेटर, त्यात 7, 14 आणि 28 दिवस असे तिन्ही एकत्र मोजतात. आपल्या मार्केट यार्डात कांद्याचा भाव एका दिवसाच्या आवकेवर पडला तरी मुरलेला व्यापारी आठवड्याचा आणि महिन्याचा भाव डोक्यात ठेवूनच बोली लावतो ना, तसंच हे.

आधी एका दिवसाचं गणित हाताने करून बघा, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहतं. समजा कालचा क्लोज 412 होता. आज शेअर गॅप देऊन वर उघडला, हाय 424, लो 415, क्लोज 420. आता बाईंग प्रेशर काढायचं म्हणजे आजच्या क्लोजमधून आजचा लो किंवा कालचा क्लोज यातला जो कमी असेल तो वजा करायचा. इथे 412 कमी आहे, म्हणून 420 वजा 412, म्हणजे 8. ट्रू रेंज काढताना आजचा हाय किंवा कालचा क्लोज यातला जो जास्त तो घ्यायचा आणि त्यातून तोच 412 वजा करायचा, 424 वजा 412 म्हणजे 12. कालचा क्लोज धरलाच नसता तर 9 पैकी 5 आले असते आणि सकाळी गॅपमध्ये जी खरेदी दिसली ती हिशोबातच आली नसती, म्हणून ही पायरी गाळू नका.

मग शेवटच्या 7 दिवसांच्या बाईंग प्रेशरची बेरीज भागिले त्याच 7 दिवसांच्या ट्रू रेंजची बेरीज, तसंच 14 आणि 28 दिवसांचं. रोजचा भागाकार काढून त्याची सरासरी घेऊ नका, आधी बेरीज आणि मग भागाकार. सातवाल्याला 4 ने गुणायचं, चौदावाल्याला 2 ने, अठ्ठावीसवाला तसाच, तिघांची बेरीज करून 7 ने भागायचं आणि 100 ने गुणायचं. एक्सेलमध्ये B मध्ये हाय, C मध्ये लो, D मध्ये क्लोज, दुसऱ्या ओळीपासून जुन्याकडून नव्याकडे भरा, एकूण 29 दिवस लागतील कारण पहिल्या दिवसाचा फक्त क्लोज कामाला येतो. E3, F3 आणि G30 मध्ये अनुक्रमे हे टाका, E आणि F खाली ओढा:

```
=D3-MIN(C3,D2)
=MAX(B3,D2)-MIN(C3,D2)
=100*(4*SUM(E24:E30)/SUM(F24:F30)+2*SUM(E17:E30)/SUM(F17:F30)+SUM(E3:E30)/SUM(F3:F30))/7
```

रोज हे करत बसायची गरज नाही, चार्टिंग ॲपमध्ये Ultimate Oscillator शोधला की 7, 14, 28 बहुतेक आधीच भरलेले असतात. पण एकदा तरी स्वतःचा आकडा ॲपच्या आकड्याशी जुळवून बघाच.

आता खोटा ओव्हरसोल्ड कसा गाळला जातो ते बघू. समजा एका शेअरचं 7 दिवसांचं गुणोत्तर 50 पैकी 14 आलं, म्हणजे 0.28. चौदा दिवसांचं 100 पैकी 41, अठ्ठावीसचं 200 पैकी 94, म्हणजे 0.41 आणि 0.47. नुसतं सात दिवसांचं बघणारा म्हणेल 28 आलाय, 30 च्या खाली म्हणजे ओव्हरसोल्ड, घ्या. पण तिन्ही मिसळले की 1.12 अधिक 0.82 अधिक 0.47, बेरीज 2.41, भागिले सात, गुणिले 100, म्हणजे 34.4, ओव्हरसोल्ड नाहीच. त्याआधीचे 21 दिवस इतके काही वाईट नव्हते, फक्त हे सात दिवस पडलेत, हे त्या आकड्यात उतरलं. हेच आकडे 0.22, 0.30 आणि 0.40 असते तर उत्तर 26.9 आलं असतं आणि तो खरा ओव्हरसोल्ड, कारण तिन्ही मुदतींत विक्रेत्यांचाच जोर आहे. ओव्हरबॉट म्हणजे 70 च्या वर, तिकडेही गणित हेच.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, शेवटचे सात दिवस तिन्ही बेरजांमध्ये येतात, त्यामुळे रोजची रेंज साधारण सारखी असेल तर त्यांचं एकूण वजन जवळपास 75 टक्के होतं. म्हणजे हा इंडिकेटर खोटे सिग्नल कमी करतो, बंद करत नाही, आणि सलग पडणाऱ्या शेअरमध्ये हा पण 30 खाली जाऊन पडून राहू शकतो.

म्हणूनच विल्यम्सच्या नियमात नुसतं 30 खाली गेलं म्हणून खरेदी नाही, तीन अटी आहेत आणि तिन्ही लागतात. समजा शेअरने 388 चा तळ केला तेव्हा ऑसिलेटर 26 होता. मग भाव 402 पर्यंत आला आणि ऑसिलेटर 43 वर गेला. पुन्हा भाव पडून 381 ला आला, म्हणजे नवा तळ, पण ऑसिलेटर 33 वरच थांबला. भावाचा तळ खाली आणि ऑसिलेटरचा तळ वर, ही पहिली अट, बुलिश डायव्हर्जन्स. पहिला तळ 30 च्या खाली होता, ही दुसरी. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची आणि लोक तीच खातात: ऑसिलेटरने मधला 43 चा हाय ओलांडला पाहिजे. तो ओलांडेपर्यंत हात बांधून बसा, कारण 33 वरून तो परत 25 ला गेला तर डायव्हर्जन्सच मोडलं. आणि हे बाजार बंद झाल्यावरच तपासायचं, दुपारी एक वाजता 44 दिसणारा आकडा क्लोजला 41 होऊ शकतो. घेतल्यावर स्टॉपलॉस 381 च्या खाली ठेवावा असं मला वाटतं, तो तळ तुटला तर वाट बघण्यासारखं काही उरत नाही.

बाहेर पडायचं कधी, तर ऑसिलेटर 70 च्या वर गेला की, किंवा 50 च्या वर जाऊन परत 45 च्या खाली आला की. हा दुसरा नियम मला जास्त आवडतो, कारण सगळेच शेअर काही 70 पर्यंत पोहोचत नाहीत आणि अर्धवट दमलेली चाल इथे पकडली जाते.

शेवटी डेटाकडे लक्ष द्या. 400 च्या शेअरला एकास एक बोनस मिळाला आणि तुमच्या शीटमध्ये जुने भाव निम्मे केलेले नसतील तर त्या दिवशीची ट्रू रेंज दोनशेच्या आसपास येते आणि बाईंग प्रेशर जेमतेम पाच-सात, मग ऑसिलेटर काही कारण नसताना पार तळाला. ओळखायचं कसं, तर तो दिवस एक धरून बरोबर आठव्या दिवशी आकडा एकदम उसळतो कारण तो दिवस सातच्या बेरजेतून बाहेर पडतो, तशीच उसळी पंधराव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी. असं दिसलं तर एकटा क्लोज नाही, हाय, लो, क्लोज तिन्ही दुरुस्त करून शीट परत चालवा.