दुकानाचं नाव ठरवताय? आधी ते टाइप करून घ्या

दुकानाच्या नावाचंच डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्यायचं असेल तर आवडलेली चार-पाच नावं काढून ठेवा. एकावरच जीव जडला असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. नाव लहान हवं, हे सांगायला नको.

आता मुख्य काम. नाव फोनवर एकदाच सांगा आणि समोरच्याला इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवायला सांगा. स्पेलिंग तुम्ही सांगायचं नाही. पाच जणांना विचारा, तेही घरच्यांना नको, त्यांनी ते आधीच पाहिलेलं असतं. समजा, झाडं-कुंड्यांच्या दुकानाचं नाव ‘मृद्गंध’ ठेवायचंय. ‘मृ’चं कुणी mru करेल, कुणी mri, ‘द्’नंतर कुणी a घालेल, कुणी नाही, शेवटी gandh किंवा gandha. म्हणजे एका नावाची आठ स्पेलिंगं झाली, आणि तुम्ही घेणार त्यातलं एक! बाकी सात टाइप करणारे भलतीकडे जाणार. कानाला गोड लागलं म्हणून ही चाचणी टाळू नका.

ऋ, ज्ञ, व, श-ष आणि दीर्घ स्वर आले की घोटाळा आलाच. त्यामानाने ‘तगर’ सरळ आहे: tagar. पण इतका छोटा शब्द बहुधा आधीच गेलेला असतो, म्हणून पुढे दुसरा शब्द जोडावा लागतो. डोमेनमध्ये मोकळी जागा चालत नाही, त्यामुळे जोडून वाचा. ‘तगर रोपवाटिका’ होतं tagarropvatika. त्यातला एक r लोक हमखास खाणार, शिवाय ‘व’ आहेच. ‘तगर नर्सरी’ बरं: tagarnursery. तेही पुन्हा पाच जणांकडून टाइप करून घ्या. हो, पुन्हा. शब्द जोडला की ते नवं नाव झालं.

मधे हायफन चालतो, पण घेऊ नका. फोनवर सांगताना तो गळतो.

नाव मोकळं आहे का हे ब्राउझरमध्ये उघडून ठरवू नका. साइट उघडली नाही तरी डोमेन कुणीतरी घेऊन ठेवलेलं असू शकतं. .com साठी lookup.icann.org वर शोधा किंवा डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे बघा. तिथे पहिल्या वर्षाच्या दराला भुलू नका, नूतनीकरणाचा दर वाचा. त्याच नावाचा ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे का, तेही बघा.

पाचपैकी चौघांनी तरी एकच स्पेलिंग लिहिलं? मग त्याच दिवशी घ्या. नोंदणी स्वतःच्या नावावर, साइट बनवणाऱ्याच्या नाही. संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका. मुदत संपली की तोही बंद पडतो आणि सूचना पोचत नाहीत. ऑटो-रिन्यू चालू ठेवा.

पाटी, बिलबुक, पिशव्या हे सगळं यानंतर. पाटीवर इंग्रजी स्पेलिंग डोमेनमधलंच, अक्षर न् अक्षर. पेंटरला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.