“हे आम्ही आधी करून पाहिलंय” : उत्तर देताना या चुका टाळा

“असंच एक अ‍ॅप घेतलं होतं, चाललं नाही.” ग्राहक एवढं बोलला की आपल्या तोंडून लगेच निघतं, “आमचं वेगळं आहे हो.” मागच्या विक्रेत्यानेही त्याला हेच सांगितलेलं असतं. आणि तेव्हा काय बिघडलं हे ठाऊक नसताना आपलं वेगळं आहे, हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

जुन्या अ‍ॅपला नावं ठेवणं त्याहून वाईट. ते निवडणारा माणूस बऱ्याचदा समोरच बसलेला असतो. अ‍ॅप टाकाऊ होतं म्हणालात, की त्याची निवडही टाकाऊ ठरते.

सगळ्यात महाग पडते ती चूक मात्र दिसत नाही. “का फसलं?” असं विचारलं की उत्तर येतं, “लोकांनी वापरलंच नाही.” आपण मान डोलावतो आणि डेमो सुरू करतो. पण हे कारण नव्हे, लक्षण आहे. ‘का’ विचारलं की माणूस मत देतो किंवा बचाव करतो. ‘कधी’ आणि ‘कोणी’ विचारलं की घडलेलं सांगतो.

मी दुरुस्तीची कामं नोंदवायचं अ‍ॅप विकत होतो. एका ग्राहकाला विचारलं, “सगळ्यात आधी वापरणं कोणी सोडलं?” ते म्हणाले, “जुन्या तंत्रज्ञांनी, तिसऱ्या महिन्यात.” “तेव्हा कागदी फॉर्म बंद झाला होता का?” जरा थांबून म्हणाले, “नाही, बिल त्याच्यावरूनच बनायचं.” म्हणजे प्रत्येक काम दोनदा लिहायचं. मग माणूस तेच लिहिणं सोडतो ज्याच्यावाचून बिल अडत नाही.

त्या संध्याकाळी मी वैशिष्ट्यांची यादी पाठवली नाही. एवढंच लिहिलं:

“तुमच्या बोलण्यावरून वाटतं, अडचण दुहेरी नोंदीची होती. माझी समजूत चुकत असेल तर सांगा. पाच तंत्रज्ञ घेऊन चार आठवडे चालवून पाहू. त्यांचा कागदी फॉर्म पहिल्या दिवसापासून बंद. हिशेब विभागाला अ‍ॅपमधल्या नोंदीवरून बिल करता आलं नाही, तर तिथेच थांबू. त्या विभागातलं कोणी पहिल्या बैठकीला येऊ शकेल का?”

शेवटचा प्रश्न मुद्दाम होता. कागद बंद करणं त्या विभागाच्या हातात होतं, आमच्या ग्राहकाच्या नाही. “त्यांना कशाला मधे घेता?” असं उत्तर आलं असतं, तर मी ट्रायल दिलीच नसती. जुनं कारण जागच्या जागी असताना नवं अ‍ॅपही तिसऱ्या महिन्यातच पडतं.

हिशेबवाल्या बाई आल्या. फॉर्म पाहून म्हणाल्या, “ज्याच्याकडे दुरुस्ती केली त्याची सही कुठे घेणार?” आमच्या अ‍ॅपमध्ये ती सोय होती, पण डेमोत मी ती कधी दाखवलीच नव्हती.