'मंजूर करावी'चं इंग्रजी करताना मी कुठे आपटलो

पहिल्या नोकरीत तीन दिवसांची रजा हवी होती. मनात मराठी वाक्य तयार होतं: 'बहिणीचं ऑपरेशन असल्यामुळे 12 ते 14 तारखेपर्यंत येऊ शकणार नाही, तरी रजा मंजूर करावी.' शब्दाला शब्द लावत गेलो आणि शेवट झाला, 'यू शुड अप्रूव्ह माय लीव्ह'. साहेबांचं उत्तर दोनच शब्दांचं आलं: 'शुड आय?' आठवलं की अजून कान तापतात.

चूक व्याकरणाची नव्हती. 'करावी', 'द्यावी', 'कळवावे' या रूपांत मराठीत विनंती असते, अदब क्रियापदातच मुरलेली असते. 'शुड' लावलं की तीच विनंती 'हे करणं तुमचं कर्तव्य आहे' अशी ऐकू येते. 'मस्ट' तर विचारूच नका. तिथे 'कुड यू प्लीज अप्रूव्ह' किंवा 'आय वुड लाइक टू रिक्वेस्ट' हवं.

घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेलो. एका सीनियरने सल्ला दिला, 'काइंडली टाकत जा.' (असे सल्ले देणाऱ्यांचे स्वतःचे मेल एकदा वाचून बघा.) सुरुवातीला 'आय हम्ब्ली रिक्वेस्ट', मध्ये 'आय वोन्ट बी कमिंग', शेवटी कुठूनतरी उचललेलं 'डू द नीडफुल'. एकाच मेलमध्ये आधी हात जोडलेले, मग खांद्यावर हात, मग हुकूम. तयार नमुने चिकटवले की हेच होतं, कारण प्रत्येक ओळ वेगळ्या माणसाची असते.

आता मी मराठी वाक्याचे आधी तुकडे करतो. माहिती कुठली आणि मागणी कुठली? ऑपरेशन, तारखा, काम कोण बघणार, ही माहिती. ती साधी सांगायची, तिला नम्रतेचा मुलामा नको. मागणी एकच, 'मंजूर करावी'. सगळी अदब त्या एका वाक्यात.

वरच्याच रजेचं मग असं झालं: 'आय वुड लाइक टू रिक्वेस्ट थ्री डेज ऑफ लीव्ह, फ्रॉम द ट्वेल्थ टू द फोर्टीन्थ, अॅज माय सिस्टर इज हॅविंग सर्जरी. आय विल बी बॅक ऑन द फिफ्टीन्थ. माय कलीग हॅज अॅग्रीड टू हँडल एनी अर्जंट वर्क. कुड यू प्लीज कन्फर्म?' परतायची तारीख मुद्दाम लिहिली, म्हणजे 14 तारीख रजेत धरायची की नाही हा घोळ राहत नाही.

पाठवण्याआधी फक्त क्रियापदं मोठ्याने वाचा. कुठे 'वोन्ट', 'कान्ट' अशी बोलीतली रूपं आणि शेजारीच 'हम्ब्ली' दिसलं, तर एक बाजू बदला. इंग्रजी बेताचं असलं तरी हे जमतं. माझं आजही बेताचंच आहे. रजा मात्र मिळते.